सोडताना दुखणारी दाढ

घास चावताना दाढेतून कळ गेली, ही तक्रार दंतवैद्याकडे रोज येते. बहुतेक वेळा कारण लगेच सापडतं. कीड खोल गेलेली असते, भरलेलं सिमेंट निसटलेलं असतं, नाहीतर मुळाशी पू साठलेला असतो. पण काही माणसं थोडं वेगळं सांगतात. चावेपर्यंत ठीक असतं. चावून दात उचलले की त्याच क्षणी लख्खकन कळ येते आणि दुसऱ्या क्षणी नाहीशी होते. प्रत्येक घासाला ती येत नाही. भात, पोळी, भाजी निवांत खाता येते, मग एखादा फुटाणा किंवा चटणीतला शेंगदाण्याचा तुकडा नेमका एका जागी सापडतो आणि माणूस कळवळतो. कुठली दाढ, असं विचारलं की बोट आधी खालच्या दाढेकडे जातं, मग वरच्या, मग गालावरून कानाकडे. आरशात काही दिसत नाही. एक्स-रे स्वच्छ असतो.

मुळाशी सूज असलेला दात दाबला की दुखतो आणि दाब काढला की त्याला बरं वाटतं. इथे नेमकं उलटं घडतं. दाब निघताना कळ येणं ही जिवंत दाताला तडा गेल्याची सगळ्यांत बोलकी खूण आहे. ती प्रत्येक रुग्णात असतेच असं नाही, काहींना दाबतानाही दुखतं. पण ती असेल तर तपासणीची दिशा तिथेच ठरते. म्हणूनच अशा रुग्णाला ‘दुखतं का?’ एवढंच विचारून भागत नाही. ‘दाबताना दुखतं की सोडताना?’ हा प्रश्न विचारावा लागतो, आणि बरेच जण घटकाभर आठवून सांगतात, की हो, सोडतानाच.

१९५४ साली गिब्ज यांनी दाढेचा उंचवटा तडकल्यामुळे होणाऱ्या दातदुखीचं वर्णन केलं होतं. पुढे १९६४ साली अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेच्या नियतकालिकात कॅमेरॉन यांनी अशा रुग्णांबद्दल लिहिलं आणि या प्रकाराला ‘क्रॅक्ड टूथ सिंड्रोम’ असं नाव दिलं. त्याआधीही दाढा तडकत होत्याच, पण त्या दुखण्याची गणना चेहऱ्याच्या अनाकलनीय दुखण्यांत व्हायची. कॅमेरॉन यांनी टिपलेली एक गोष्ट आजही चिकित्सेत उपयोगी पडते. तडा जाण्यात खालची दुसरी मोठी दाढ, म्हणजे अक्कलदाढेच्या अलीकडची, फार पुढे असते. कारण साधं आहे. जबडा कानापुढच्या सांध्यावर फिरतो आणि ही दाढ त्या सांध्याच्या जवळ असते. अडकित्त्यात सुपारी टोकाशी धरली तर फुटत नाही, बिजागरीकडे सरकवली की कट्कन फुटते. जबड्यातही बिजागरीजवळच्या दाढांवर असाच जास्त जोर येतो. या दाढांवर पन्नास-साठ किलोच्या वजनाएवढा दाब सहज पडू शकतो, आणि झोपेत दात खाणाऱ्या माणसाच्या दाढांवर तो रात्रभर अधूनमधून पडत राहतो.

एवढा दाब दाढ वर्षानुवर्षं सोसते, कारण तिची घडण त्यासाठीच आहे. बाहेरचं इनॅमल कठीण पण ठिसूळ असतं, आतलं डेंटिन थोडं लवचीक असतं आणि इनॅमलमधली बारीक भेग बहुतेक वेळा या दोन थरांच्या सांध्याशी येऊन थांबते. चाळिशीनंतर अनेकांच्या पुढच्या दातांवर उभ्या बारीक रेघा दिसतात, त्या अशाच इनॅमलपुरत्या असतात आणि त्यांना काही करावं लागत नाही. मात्र वय वाढतं तशा डेंटिनमधल्या नलिका खनिजांनी भरत जातात आणि डेंटिनचा चिवटपणा कमी होतो. त्यात दाढेच्या मधोमध वीस वर्षांपूर्वी मोठी चांदी भरलेली असेल, तर दोन्ही बाजूंचे उंचवटे एकमेकांना आधार न देता वेगवेगळे वाकू लागतात. प्रत्येक घासाला होणारी ही हालचाल डोळ्याला दिसणार नाही इतकी असते, पण घास लाखो असतात. शेवटी दाढेच्या पुढच्या किंवा मागच्या कडेला इनॅमल उलतं आणि भेग डेंटिनमध्ये उतरते.

काही न भरलेल्या दाढाही तडकतात. दक्षिण कोरियात २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तडा गेलेल्या दातांपैकी निम्म्याहून अधिक दातांत कधीच काही भरलेलं नव्हतं. कडक पदार्थ जोराने फोडून खाण्याची सवय तिथे कारण मानली जाते. आपल्याकडे सुपारी, खारीक, बर्फाचे खडे, मटणाची नळी, भाजलेल्या मक्याचा करपलेला दाणा, तांदळातला खडा ही मंडळी तेच काम करतात. रोज सुपारी चघळणाऱ्यांच्या दाढांचे उंचवटे झिजून सपाट होतात आणि त्यांत भेगाही अधिक दिसतात.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. भेग पडली, ठीक. पण ती सोडताना का दुखते, आणि दुखते ती कुठे हे कळत का नाही?

डेंटिन भरीव दिसतं, पण त्यात अतिसूक्ष्म नलिका असतात. एका चौरस मिलिमीटरमध्ये त्या हजारोंनी असतात आणि प्रत्येकीची रुंदी एक-दोन मायक्रॉन. त्यांत द्रव असतो आणि आतल्या टोकाला, दाताच्या गराशी, मज्जातंतूंची टोकं असतात. स्वीडनचे मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६०च्या दशकात दाखवून दिलं, की या नलिकांतला द्रव झटक्यात हलला की ती टोकं चाळवतात आणि कळ येते. थंड पाण्याने दात झिणझिणतो तो याच वाटेने. तडा गेलेल्या दाढेवर दाणा आला की भेगेच्या दोन बाजू किंचित फाकतात. दाब हळूहळू वाढतो, त्यामुळे द्रवही संथपणे सरकतो. पण दात उचलला की फाकलेल्या बाजू एकदम मिटतात, द्रव जोराने मागे रेटला जातो आणि वेगाने संदेश नेणारे तंतू चेततात. म्हणून ही कळ तीक्ष्ण आणि क्षणभराची असते. ठणका लागत नाही, निदान सुरुवातीला तरी. घास नेमका भेगेच्या बाजू फाकवील अशा ठिकाणी पडावा लागतो, म्हणून ती प्रत्येक घासाला येत नाही. आणि हेच निदानाला आड येतं, कारण दंतवैद्यासमोर खुर्चीत बसून नुसते दात दाबले तर काहीच होत नाही.

दुखणारी जागा न कळण्याचं कारण वेगळं आहे. दाताला संवेदना दोन ठिकाणांहून मिळतात. एक आतला गर, ज्याला आपण बोलताना नस म्हणतो. दुसरे मुळाभोवतीचे तंतू, ज्यांनी दात हाडाला बांधलेला असतो. जागा सांगण्याचं काम मुख्यतः या दुसऱ्यांचं. डोळे मिटून बसलात आणि कोणी तुमच्या एका दातावर हलकेच टिचकी मारली, तर कुठला दात ते तुम्ही अचूक सांगाल, कारण मुळाभोवतीच्या तंतूंतले दाब जाणणारे चेतातंतू तो पत्ता देतात. गराला तशी सोय जवळजवळ नाही. तो फक्त ‘दुखतंय’ एवढंच कळवतो. शिवाय एका बाजूच्या वरच्या आणि खालच्या दाढांचे, गालाचे, कानाजवळच्या भागाचे संदेश मेंदूच्या देठातल्या एकाच केंद्रात जातात आणि तिथे अनेक तंतू मिळून एकाच पेशीवर येऊन थांबतात. मेंदूला वरची-खालची फोड करता येत नाही. त्यामुळे खालची दाढ तडकलेली माणसं वरची दाखवतात, किंवा कान दुखतो म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे जातात. एका गोष्टीची मात्र चूक सहसा होत नाही: उजवी-डावी. दुखणं चेहऱ्याची मधली रेषा ओलांडत नाही, आणि तपासताना या खात्रीचा मोठा आधार असतो.

मुळाशी सूज आली की दात पत्ता सांगू लागतो, टिचकीलाही दुखतो. पण तोवर बहुधा गर मेलेला असतो आणि भेगेतून जंतू आत गेलेले असतात. म्हणजे जागा कळणं सोपं होतं तेव्हा उपचार अवघड झालेला असतो. दात वाचवायचा तर तो पत्ता सांगत नाही तेव्हाच शोधावा लागतो.

हे शोधणं प्रत्यक्षात कसं चालतं, ते एका उदाहरणाने पाहू. हे उदाहरण कुणा एकाच माणसाचं नाही. अशा रुग्णांच्या नेहमीच्या हकिकतींतून ते जुळवलं आहे.

सेहेचाळीस वर्षांच्या एक शिक्षिका. पाच महिन्यांपासून उजव्या बाजूने चावताना अधूनमधून कळ. आता त्या सगळं जेवण डाव्या बाजूनेच चावतात. एका ठिकाणी एक्स-रे काढला, काही दिसलं नाही, झिणझिण्यांसाठीची पेस्ट मिळाली. दुसऱ्या ठिकाणी वरच्या उजव्या दाढेतली जुनी चांदी काढून नवं सिमेंट भरलं, फरक पडला नाही. मग कोणीतरी चेहऱ्याच्या नसेचा आजार असावा म्हणून गोळ्या सुरू केल्या. त्या आजारात, म्हणजे ट्रायजेमिनल न्यूराल्जियात, विजेच्या झटक्यासारख्या कळा येतात हे खरं. पण त्या तोंड धुताना, वाऱ्याची झुळूक लागली तरी, गालाला नुसता स्पर्श झाला तरी येतात. शिक्षिकाबाईंना तसं काही होत नव्हतं. त्यांची कळ फक्त कडक घासाला आणि तीही सोडताना. थंड पाण्याने उजवीकडे जरा झिणझिणायचं, दोन-तीन सेकंदांत थांबायचं. रात्री झोपमोड नव्हती.

एवढ्या माहितीवरून संशय पक्का होतो, पण दाढ कळत नाही. उजवीकडे चार मोठ्या दाढा आणि चार लहान दाढा, म्हणजे आठ दातांवर संशय. इथे माझं ठाम मत आहे: रुग्णाची तीच ओळखीची कळ आपल्या हाताने पुन्हा उमटवता येत नाही, तोवर कुठल्याही दाताला ड्रिल लावू नये. तड्याच्या रुग्णांचं सगळ्यांत मोठं नुकसान भेगेने होत नाही, तर अंदाजाने केलेल्या रूट कॅनलने होतं. चुकीच्या दाताची नस गेली तरी कळ राहते, मग शेजारच्या दाताची पाळी येते. बाईंच्या वरच्या दाढेतली चांदी बदलली, तेवढ्यावरच ते थांबलं हे बरं झालं.

पहिली चाचणी थंडाची. कापसाच्या बोळ्यावर थंड फवारा मारून तो एकेका दाताला लावायचा, आणि सुरुवात डावीकडच्या चांगल्या दाढांपासून करायची. म्हणजे बाईंना नेहमीची संवेदना किती असते त्याचा अंदाज येतो. उजवीकडच्या खालच्या दुसऱ्या दाढेला लावलं तेव्हा त्या दचकल्या. पण बोळा काढल्यावर तीन-चार सेकंदांत सगळं शांत. हे शांत होणं मोलाचं. गर चिडलेला आहे पण जिवंत आहे आणि सावरू शकतो, असा त्याचा अर्थ. थंडानंतर कळ अर्धा मिनिट किंवा जास्त रेंगाळली असती, गरम चहाने दुखलं असतं किंवा रात्री आपोआप ठणकलं असतं, तर गर सावरण्यापलीकडे गेला असं मानावं लागलं असतं. टिचकी मारली, तर कुठलाच दात दुखला नाही.

मग चावून पाहण्याची चाचणी. यासाठी प्लॅस्टिकचं एक छोटं साधन मिळतं, ‘टूथ स्लूथ’ नावाचं. त्याच्या एका बाजूला लहानसा खळगा असतो, तो दाढेच्या एकाच उंचवट्यावर बसतो, आणि समोरच्या दातांकडे त्याचा रुंद, सपाट भाग येतो. म्हणजे सगळा दाब एका उंचवट्यावर, आणि समोरच्या दातांवर तो विभागलेला. दाढेचे उंचवटे एकेक करून तपासायचे. हळूहळू दाबायचं, क्षणभर धरायचं आणि पटकन सोडायचं. कापसाच्या गुंडाळीने हेच करता येतं, पण गुंडाळी सगळ्या दाढेवर पसरते आणि भेग फाकतच नाही. बाईंच्या वरच्या दाढांवर काही झालं नाही. खालच्या पहिल्या दाढेवर नाही. दुसऱ्या दाढेच्या गालाकडच्या दोन उंचवट्यांवर नाही. जिभेकडच्या मागच्या उंचवट्यावर दाबलं तेव्हाही नाही. सोडलं, आणि बाईंनी खुर्चीचा हात घट्ट पकडला. ‘डॉक्टर, हीच! हीच ती कळ!’ पाच महिन्यांनी पहिल्यांदाच कोणाला तरी ती नेमकी सापडली होती.

ही चाचणी घरी सुपारी किंवा पेन्सिल चावून कोणी करू नये. दाब कुठे पडेल यावर ताबा राहत नाही आणि भेग खोल जाऊन दाढ दुभंगू शकते. डॉक्टरांनीही एकदा उत्तर मिळाल्यावर खात्रीसाठी ती पुन्हापुन्हा करू नये.

एक्स-रेमध्ये ही भेग का दिसली नाही, हेही सांगितलं पाहिजे. रुग्णाला वाटतं आधीच्या डॉक्टरांचं लक्ष नव्हतं, पण तसं नसतं. दाढेच्या एक्स-रेत किरण गालाकडून जिभेकडे जातात. भेग मात्र बहुधा पुढून मागे धावते, म्हणजे किरणांना आडवी. किरण तिच्या पोकळीतून लांबवर गेले असते तर काळी रेघ उमटली असती. आडव्या भेगेतून ते काही मायक्रॉनच पार करतात आणि बाकी सगळं दाताचं भरीव अंग. त्रिमितीय सीबीसीटी स्कॅनलाही भेग बहुतेकदा सापडत नाही, कारण त्याचा सर्वांत लहान ठिपकाही भेगेहून रुंद असतो, आणि जवळ चांदी असेल तर चित्रावर पट्टे उठतात. भेग मुळापर्यंत जाऊन शेजारचं हाड झिजलं असेल तर ते हाड स्कॅनमध्ये दिसतं. पण तो पुढचा टप्पा झाला.

एक्स-रेपेक्षा साधा उजेड इथे जास्त कामाचा. दाढेच्या गालाकडच्या बाजूला बारीक फायबरचा दिवा टेकवला. चांगल्या दाढेत उजेड आरपार पसरतो. इनॅमलपुरती रेघ असेल तर रेघ दिसते, पण उजेड तिच्या पलीकडेही जातो. बाईंच्या दाढेत तो चांदीच्या मागे एका रेघेपर्यंत आला आणि तिथेच थांबला. जिभेकडचा भाग अंधारा राहिला. डेंटिनमध्ये गेलेली भेग उजेड अडवते. भिंगाच्या चष्म्यातून तीच रेघ मागच्या कडेवरून खाली उतरताना दिसली.

आता शेवटची आणि भवितव्य ठरवणारी चाचणी. हिरडी आणि दात यांच्यामध्ये बोथट टोकाची मोजपट्टी सरकवत दाढेभोवती फिरायचं. निरोगी हिरडीत ती दोन-तीन मिलिमीटर आत जाते. सगळीकडे तीन मिलिमीटर आणि भेगेच्या अगदी शेजारी एकाच अरुंद जागी ती अचानक सहा-सात मिलिमीटर गेली, तर समजायचं की भेग मुळावर उतरली आहे आणि तिच्या कडेने हाड गेलं आहे. अशी दाढ टिकण्याची आशा फार कमी. बाईंच्या दाढेभोवती, मागच्या बाजूलाही, आकडा तीनच्या वर गेला नाही.

त्यानंतर जागा सुन्न करून आणि दाढेभोवती रबराचा पडदा लावून जुनी चांदी काढली. तळाशी तपकिरी रेघ होती, मागच्या कडेपासून जवळजवळ मध्यापर्यंत. मिथिलिन ब्लू हा निळा रंग लावून धुतला, तेव्हा रेघेत निळं राहिलं आणि तिचं टोक नीट कळलं. ती रेघ खोदत जायची नाही, हा मोह टाळावाच लागतो. भेग दिसते त्याहून पुढे गेलेली असतेच, आणि तिचा पाठलाग करताना चांगलं डेंटिन जातं, गर उघडा पडतो.

हाड मोडलं तर जुळतं, कारण त्यात जिवंत पेशी आणि रक्त असतं. इनॅमलमध्ये पेशी नसतात आणि डेंटिनमध्येही भेग सांधणारं काही नाही. त्यामुळे तडा भरून येत नाही, कोणत्याही औषधाने नाही. उपचार एवढाच की भेगेच्या दोन बाजू पुन्हा फाकू द्यायच्या नाहीत. त्या फाकल्या नाहीत तर द्रव हलत नाही, कळ येत नाही, भेग पुढे सरकण्याची गती मंदावते आणि चिडलेल्या गराला सावरायला वेळ मिळतो.

म्हणून बाईंच्या दाढेत तात्पुरतं सिमेंट भरून तिच्याभोवती स्टीलचं कडं बसवलं. दात सरळ करताना दाढांना लावतात तेच कडं. दोन बाजू आवळून धरल्या गेल्या. त्याच वेळी समोरच्या दाढेचा जो उंचवटा या दाढेत खोल रुतत होता, तो थोडासा कमी केला. हे कडं म्हणजे उपचारही आणि चाचणीही. कडं बसवल्यावर कळ थांबली तर निदान बरोबर. थांबली नाही तर एकतर दाढ चुकली, नाहीतर गर आधीच गेलेला. कडं तीन आठवडे ठेवलं. पहिल्याच आठवड्यात बाई उजवीकडे पोळीभाजी खाऊ लागल्या. थंडाची झिणझिण दुसऱ्या आठवड्यात गेली.

कायमचा उपाय म्हणजे दाढेचे सगळे उंचवटे झाकेल असं आच्छादन. आपण त्याला कॅप म्हणतो. नुसतं पांढरं सिमेंट आत चिकटवून भागेल असं वाटतं, आणि काही काळ भागतंही, पण उंचवटे उघडे राहिले की चावताना ते वाकतच राहतात आणि चिकटलेला सांधा थकतो. सिमेंटनेच पण उंचवट्यांवरून पुरेसा जाड थर देऊन झाकलं तर निकाल बराच चांगला असतो, आणि दाढ कमी कोरावी लागते. बाईंच्या दाढेत जुन्या चांदीने आधीच बरीच जागा खाल्ली होती, म्हणून पूर्ण कॅपच निवडली.

कॅप बसवण्यापूर्वी रूट कॅनल करून टाकावं का, हा प्रश्न प्रत्येक रुग्ण विचारतो. ‘पुन्हा उघडावं लागलं तर?’ ही भीती रास्त आहे. याबद्दल अमेरिकेतल्या क्रेल आणि रिवेरा यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास हाताशी ठेवण्यासारखा आहे. गर अजून सावरू शकतो असं निदान झालेल्या १२७ तडकलेल्या दातांना त्यांनी आधी रूट कॅनल न करता कॅप लावली. त्यांतल्या २७ दातांना सहा महिन्यांच्या आत रूट कॅनल लागलं. म्हणजे साधारण पाचांपैकी एक. याचाच दुसरा अर्थ असा, की सगळ्यांचं आधीच रूट कॅनल केलं असतं तर पाचांपैकी चार जणांची जिवंत नस विनाकारण गेली असती, आणि नस काढताना दाढ आणखी पोकळ झाली असती. म्हणून गर शांत असेल तर तो राखावा. नंतर गरज पडलीच तर कॅप न काढता तिला वरून छिद्र पाडून रूट कॅनल करता येतं आणि छिद्र बुजवता येतं. रुग्णाला हे आधी सांगितलं असेल तर पुढे तो फसवणूक मानत नाही. सांगितलं नसेल तर मानतो, आणि त्याचं चूक नसतं.

गर सावरण्यापलीकडे गेला असेल तर रूट कॅनल करावंच लागतं, आणि ते करताना गराच्या पोकळीचा तळ मायक्रोस्कोपखाली पाहिला जातो. भेग तळ ओलांडून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेली असेल, किंवा मध्ये हलकेच दाब दिल्यावर दोन भाग वेगवेगळे हलत असतील, तर दाढ दुभंगलेली आहे. तिथे कॅप लावून रुग्णाचे पैसे घेऊ नयेत. ती काढावी लागते. भेग तळापर्यंत पोचलेली नसेल तर चित्र बरंच बरं असतं. सिंगापूरमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रूट कॅनल केलेल्या तडकलेल्या दातांपैकी दोन वर्षांनी सुमारे ८५ टक्के टिकून होते. जे गेले त्यांत एकापेक्षा जास्त भेगा असलेले, ओळीतले सगळ्यांत मागचे आणि आधीपासून हिरडीत खोल खळगा झालेले दात अधिक होते.

बाईंच्या दाढेला रूट कॅनल लागलं नाही. सहा महिन्यांनी थंडाला साधी, लगेच थांबणारी संवेदना होती, मोजपट्टी तीन मिलिमीटरवरच होती. पहिल्या वर्षात दर तीन-चार महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा हे दोन्ही पाहावं लागतं, कारण कॅपखालची भेग डोळ्याला पुन्हा दिसणार नसते आणि तिची बातमी फक्त गराकडून किंवा हिरडीकडूनच येते. झोपेत दात खाण्याच्या खुणा त्यांच्या बाकीच्या दाढांवर होत्या, म्हणून रात्री घालायची कडक प्लॅस्टिकची पट्टी बनवून दिली.

त्याच तपासणीत डावीकडच्या खालच्या दुसऱ्या दाढेवरही मागच्या कडेला एक बारीक रेघ दिसली. पाच महिने सगळं जेवण त्या बाजूने चाललं होतं. दिव्याचा उजेड रेघेच्या पलीकडे जात होता, कुठल्याच उंचवट्यावर दाबून सोडल्यावर कळ नव्हती, त्या दाढेत कधी काही भरलेलं नव्हतं. तिला हात लावला नाही. रेघेचा फोटो काढून ठेवला, म्हणजे पुढच्या वर्षी ती वाढली की नाही ते शेजारी ठेवून पाहता येईल, आणि बाईंना एवढंच सांगितलं, की या बाजूला दात सोडताना कळ आली तर महिनाभर वाट पाहू नका, त्याच आठवड्यात या.